मैत्रिणीने आपल्याबद्दल काही पसरवल्याचं कानावर आलं, तर आधी तिची बाजू कशी ऐकायची

इंदूरच्या मराठी वस्त्यांमध्ये माणसं एकमेकांना एकाच ठिकाणी भेटत नाहीत. राजेंद्रनगरात किंवा सुदामानगरात जी बाई आपल्या भिशीत असते, तीच गणपतीच्या मांडवात आरतीला शेजारी उभी असते, सानंद या संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात भेटते, आणि तिची जाऊ आपल्या मुलाच्या शाळेत शिकवत असते. म्हणून इथे आपल्याबद्दलची एखादी गोष्ट फिरायला लागली की ती चहूकडून परत येते. ती गोष्ट आपल्याच जवळच्या मैत्रिणीच्या तोंडून निघाली असं कळलं, की बहुतेक जणी दोनांपैकी एक करतात. एक तर त्याच संध्याकाळी फोन करून तिला फैलावर घेतात, नाहीतर काहीच न बोलता तिच्याशी बोलणं हळूहळू तोडून टाकतात. दोन्हींत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे मैत्रीण नेमकं काय म्हणाली होती हे कधीच कळत नाही.

या लेखात मी एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे. मैत्रिणीला जाब विचारण्याआधी तिची बाजू खरोखर ऐकून घ्यायची, ती कशी. बोलायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात ‘तुझी बाजू सांग’ असं म्हणणाऱ्या बहुतेक जणींनी निकाल आधीच लावलेला असतो, आणि समोरचीला ते पहिल्या वाक्यात कळतं. इथे मैत्रिणी म्हटलं आहे, पण मित्रांनाही यातलं सगळं लागू पडतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक प्रसंग कल्पून घेऊ. मेधा आणि सुनंदा या दोघी पन्नाशीच्या आसपासच्या, वीसेक वर्षांच्या मैत्रिणी. मेधा बारा जणींची भिशी चालवते, दरमहा प्रत्येकी २,००० रुपये, म्हणजे जिचा नंबर लागेल तिला २४,००० मिळतात. ऑगस्टमध्ये पैसे गोळा झाले त्याच रात्री मेधाच्या नवऱ्याला छातीत दुखायला लागून दवाखान्यात दाखल करावं लागलं. आगाऊ भरायला घरात रोख नव्हती, तेव्हा तिने भिशीतले पैसे भरले. सहा दिवसांनी पुरते २४,००० ज्या बाईचा नंबर होता तिच्या हातात ठेवले आणि उशिराचं कारण म्हणून बँकेचं काम अडल्याचं सांगितलं. खरं काय ते तिने फक्त सुनंदाला सांगितलं. नोव्हेंबरात शेजारच्या काकू मेधाला म्हणाल्या, “सुनंदा सांगत होती म्हणे, तू भिशीचे पैसे घरात वापरतेस. तुझ्या यजमानांचा धंदा बसलाय ना आता?”

मेधाच्या जागी आपण आहोत असं समजून पुढे जाऊ.

आधी कागद घ्या

कुणाला फोन करण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. पहिली, माझ्या कानावर आलेले नेमके शब्द. दुसरी, ते मला कुणी सांगितले आणि तिने ते कुणाकडून ऐकले. तिसरी, त्या शब्दांवरून मी स्वतः काय ठरवून टाकलं. मेधाच्या कागदावर पहिल्या रकान्यात काकूंची दोन वाक्यं येतील. दुसऱ्यात येईल, ‘काकू. त्यांनी थेट सुनंदाकडून ऐकलं की नाही, माहीत नाही.’ तिसऱ्यात मात्र बरंच काही येईल. सुनंदाने विश्वासघात केला. तिला माझा हेवा वाटतो. ती सगळ्या बायकांना सांगत सुटली आहे. मला भिशीतून काढायचा तिचा डाव आहे.

तिसरा रकाना असा भरभरून वाहतो आणि पहिल्यात दोनच ओळी असतात, हे डोळ्यांनी दिसणं गरजेचं आहे. नुसतं मनात ठेवलं तर तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात, आणि मग आपण मैत्रिणीसमोर तिसऱ्या रकान्यातलं बोलतो, जणू ते आपल्याला कुणी सांगितलंच होतं.

गोष्ट तोंडातोंडी जाताना काय होतं, याचा अभ्यास अमेरिकेतल्या गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी केला होता आणि तो १९४७ साली प्रसिद्ध झाला. एकाला चित्राचं वर्णन दुसऱ्याला सांगायला लावायचं, दुसऱ्याने ते तिसऱ्याला सांगायचं, अशी साखळी त्यांनी केली. पाच-सहा तोंडांतून जाईपर्यंत मूळ तपशिलांपैकी सुमारे ७० टक्के गळून गेले होते. जे उरले ते जास्त ठळक झाले होते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून जे होतं त्याच्याशी जुळतील असे वळले होते. मेधाच्या बाबतीत ‘सहा दिवस’, ‘दवाखाना’ आणि ‘पैसे पूर्ण परत दिले’ हे तिन्ही तपशील काकूंपर्यंत पोचलेलेच नाहीत. ‘धंदा बसलाय’ हे कुठून तरी नवीन आलं आहे. ते सुनंदाने घातलं की मधल्या कुणी, हे मेधाला ठाऊक नाही. विचारायचं आहे ते नेमकं हेच.

सांगणारीशी आधी बोला

मैत्रिणीकडे जाण्याआधी जिने बातमी आणली तिच्याशी एकदा शांतपणे बोलायला हवं. ही पायरी जवळजवळ सगळ्याच जणी गाळतात, आणि पुढचं बोलणं बिघडायचं मोठं कारण तेच असतं. काकूंना तीन गोष्टी विचारायच्या. “हे तुम्ही सुनंदाच्या तोंडून ऐकलंत की दुसऱ्या कुणाकडून?” “तिचे शब्द काय होते, जमेल तितके तसेच सांगता का?” आणि “हे कशावरून निघालं, आधी काय बोलणं चाललं होतं?” तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. कुणी आपणहून विषय काढून बोललं आणि कुणी विचारलं म्हणून उत्तर दिलं, यात मोठा फरक आहे.

मेधाने विचारलं तेव्हा काकू जरा चाचरल्या आणि म्हणाल्या की त्यांनी सुनंदाकडून ऐकलं नव्हतं. त्यांना ते कॉलनीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईने सांगितलं होतं, जी भिशीत यायचं म्हणत होती. म्हणजे साखळीत निदान एक तोंड वाढलं. हे कळायला मेधाला पाच मिनिटं लागली. ही पाच मिनिटं वाचवली असती, तर ती सुनंदाला ‘तू काकूंना सांगितलंस’ म्हणाली असती. सुनंदाने खऱ्या मनाने ‘नाही’ म्हटलं असतं, आणि मेधाला ते खोटं वाटलं असतं.

काकूंना आणखी एक विचारायचं, की तुमचं नाव घेतलं तर चालेल का. बहुतेक वेळा उत्तर ‘नको गं बाई, मला मध्ये घेऊ नकोस’ असंच येतं. मग नाव घ्यायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. पण मैत्रिणीचा पहिला प्रश्न ‘तुला कोणी सांगितलं?’ हाच असणार आहे, तेव्हा त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा. “कोणी सांगितलं ते मी सांगणार नाही, आणि तू काय म्हणालीस तेही मी तिला जाऊन सांगणार नाही. मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय.” उत्तराचा दुसरा भाग विसरू नका. तुमच्याशी बोललेलं तुमच्यापाशीच राहील, अशी हमी तिलाही हवी असते.

इथे एक धोका आहे. खात्री करून घ्यायची म्हणून आणखी दोघी-तिघींना ‘तू काही ऐकलंस का?’ असं विचारू नका. ज्यांच्या कानावर गेलं नव्हतं त्यांनाही तुमच्यामुळेच कळेल. शिवाय संध्याकाळपर्यंत सुनंदाला कळेल की मेधा गावभर चौकशी करते आहे, आणि मग तक्रार तिच्याकडेही असेल.

तुम्हाला काय हवंय ते ठरवा

जायच्या आधी स्वतःला विचारा, या बोलण्यातून मला काय मिळायला हवं? नेमकं काय झालं हे कळायला हवं, पुढे फिरणं थांबायला हवं, की बिघडलेलं काही दुरुस्त व्हायला हवं? उत्तर ‘तिला तिची चूक कळायला हवी’ एवढंच येत असेल, तर दोन दिवस थांबा. त्या मनःस्थितीत विचारलेला प्रत्येक प्रश्न उलटतपासणीसारखा वाजतो.

थांबायचं, पण किती? ऐकल्याच्या रात्री बोलू नये, हे नक्की. राग चढलेला असताना छाती धडधडते, समोरचं ऐकू येतं पण डोक्यात शिरत नाही, आणि शरीर निवायला निदान वीस मिनिटं तरी लागतात. त्यापुढे, माझ्या मते, दोन दिवस ते आठवडा एवढा वेळ ठीक. त्याहून जास्त लांबवलं की मधल्या काळात तुमचं वागणं तुटक होतं, तिला ते जाणवतं, ती त्याचा आपला अर्थ लावते. मग बोलायला बसता तेव्हा एकाऐवजी दोन भांडणं समोर असतात.

बोलावणं कसं धाडायचं

मूळ विषय व्हॉट्सॲपवर लिहू नका. तुमच्या संदेशाचा स्क्रीनशॉट तिच्या बहिणीकडे, बहिणीकडून आणखी कुणाकडे जाऊ शकतो, आणि मग तुमची तक्रारच फिरणारी नवी गोष्ट होते. लेखी शब्दांना आवाजही नसतो. ‘तू असं म्हणालीस का?’ हे वाक्य हळू आवाजात प्रश्न असतं, आणि पडद्यावर आरोप.

संदेश फक्त भेट ठरवण्यापुरता. पण ‘तुझ्याशी जरा बोलायचंय’ एवढंच लिहिलंत तर ती रात्रभर तर्क करत बसेल आणि दारातच बचावाच्या पवित्र्यात येईल. तेव्हा विषयाची कल्पना द्या. “सुनंदा, भिशीबद्दल एक गोष्ट माझ्या कानावर आलीय, ती तुझ्याशी एकटीशी बोलायचीय. भांडायचं नाहीये. परवा सकाळी जमेल का? अर्धा-पाऊण तास लागेल.” एवढं पुरे. तिने लगेच फोन करून ‘काय झालं, आत्ताच सांग’ म्हटलं, तर “समोर बसून बोलू, फोनवर नीट होणार नाही” इतकंच म्हणायचं.

जागेचा विचार करताना इंदूर डोळ्यांसमोर आणा. छप्पन दुकानवर किंवा सराफ्यात ओळखीचं कुणीतरी भेटणारच, आणि हातात प्लेट घेऊन असलं बोलणं होत नाही. दोघींपैकी एकीच्या घरीही अवघडच. तुमच्या घरी बोलावलंत तर तिला मध्येच उठून जाता येत नाही. तिच्या घरी गेलात तर सासूबाई पोहे घेऊन येतात आणि तिथेच बसतात. मला पिपलियापाल्याच्या रीजनल पार्कसारखी जागा बरी वाटते. सकाळी शेजारी शेजारी चालत बोललं की सारखं डोळ्याला डोळा भिडत नाही, गप्प राहिलं तरी विचित्र वाटत नाही, आणि डोळ्यात पाणी आलं तर तोंड फिरवायला जागा असते. भिशीचा दिवस, हळदीकुंकू, कुणाकडचं लग्नकार्य, यांच्या आदल्या दिवशी मात्र बोलू नका. दुसऱ्या दिवशी दोघींना चार बायकांसमोर हसून वागावं लागेल, आणि ते जमणार नाही.

पहिली तीन वाक्यं

सगळं बोलणं या तीन वाक्यांवर ठरतं, म्हणून ती घरी म्हणून पाहा, अगदी तोंडाने.

‘तू माझ्याबद्दल असं का बोललीस?’ हे वाक्य ऐकायला प्रश्न वाटतं. पण ती बोलली हे त्यात आधीच ठरलेलं आहे, तिला फक्त कारण द्यायचं उरतं. ‘तू असं बोललीस का, हो की नाही?’ हेही चालत नाही, कारण त्यावर ‘नाही’ म्हणून मोकळं होणं फार सोपं. खरं बहुतेक वेळा हो आणि नाहीच्या मध्ये असतं, आणि तिथपर्यंत पोचायचं तर तिला सगळं सांगायला वाव हवा.

मेधाने असं म्हटलं: “माझ्या कानावर आलंय की मी भिशीचे पैसे घरात वापरते आणि यांचा धंदा बसलाय, असं बोललं जातंय, आणि त्यात तुझं नाव आलं. ते तुझ्यापर्यंत कुठून आलं, तू काय म्हणालीस, मधे काय बदललं, मला काहीच माहीत नाही. काय झालं ते तू सांगशील का?”

यात पहिल्या वाक्यात ऐकलेले शब्द जसेच्या तसे आहेत, मसाला न लावता. दुसऱ्यात आपल्याला जे माहीत नाही त्याची कबुली आहे. तिसऱ्यात मोकळा प्रश्न आहे. ‘मला फार वाईट वाटलं’ हे अजून आलेलं नाही, आणि ते मुद्दाम मागे ठेवलं आहे. दुःख आधी सांगितलं तर ती समजूत घालायला किंवा माफी मागायला लागते, आणि काय झालं होतं ते सांगायचंच राहून जातं.

आणि मग गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. ती पाच-दहा सेकंद बोलणार नाही, आणि तो वेळ फार मोठा वाटेल. आपण घाबरून ‘म्हणजे मला खात्री आहे की तू मुद्दाम नाही...’ असं काहीतरी घालतो, आणि तिने काय सांगायचं ते आपणच तिच्या तोंडात घालून मोकळे होतो. घालू नका. चालत राहा.

ऐकताना काय विचारायचं

सुनंदा आधी म्हणाली, “कोणी सांगितलं तुला?” मेधाने तयार ठेवलेलं उत्तर दिलं. मग थोडं चालल्यावर सुनंदा म्हणाली, “अगं, मी असं नाही म्हणाले. ती नवीन आलेली आहे ना, तिने मला विचारलं होतं.”

इथे धीर सुटतो. ‘म्हणजे बोललीस तर!’ असं तोंडाशी येतं. त्याऐवजी मेधाने विचारलं, “तिने काय विचारलं होतं?”

“भिशीचे पैसे वेळेवर मिळतात ना, एवढंच. तिची आधीची भिशी बुडाली होती कुठेतरी.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, मिळतात. एकदाच पाच-सहा दिवस उशीर झाला होता, मेधाच्या घरी अडचण होती, पण पैसे पूर्ण मिळाले.”

“अडचण म्हणजे काय, ते तिने विचारलं?”

सुनंदा जरा थांबली. “विचारलं. मी म्हटलं, दवाखान्यासाठी लागले होते.”

लक्षात घ्या, मेधाने एकदाही ‘का’ विचारलं नाही. काय, कधी, मग काय, हेच विचारलं. ‘का’ विचारलं की माणूस स्वतःचा बचाव रचायला लागतो. ‘मग काय झालं’ म्हटलं की तो प्रसंग आठवायला लागतो. प्रसंग आठवला की खरे तपशील आपोआप येतात, आपल्याला नको असलेलेही.

पुढची पायरी आहे ऐकलेलं परत बोलून दाखवायची. “म्हणजे तू उशिराचं आणि दवाखान्याचं सांगितलंस. धंद्याचं काही नाही बोललीस. बरोबर ना?” असं म्हटल्यावर दोन गोष्टी होतात. तिला दुरुस्त करायला संधी मिळते, आणि आपल्याला कळतं की आपण तिचंच ऐकलं की आपल्या मनातलं. सुनंदाने इथे दुरुस्ती केली. “धंद्याचं मी नाही बोलले. पण तिने विचारलं, तुझ्या यजमानांचं काय काम आहे, तेव्हा मी म्हटलं, दुकान आहे, सध्या जरा मंदी आहे सगळीकडेच.”

आता साखळी दिसते. ‘अडचण’, ‘दवाखाना’ आणि ‘सगळीकडेच मंदी’ या तीन गोष्टी एकीने ऐकल्या, आणि काकूंपर्यंत ‘पैसे घरात वापरते’ आणि ‘धंदा बसलाय’ असं होऊन पोचलं. सुनंदाने अफवा रचली नव्हती. पण तिच्या विश्वासावर सांगितलेली दवाखान्याची गोष्ट तिने अनोळखी बाईला सांगितली, हे खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि पुढचं बोलणं त्या दुसऱ्या गोष्टीपुरतंच व्हायला हवं.

तिच्या बाजूत आपलाही भाग निघतो तेव्हा

सुनंदा पुढे म्हणाली, “आणि मेधा, मला एक सांगायचंच होतं. जिचा नंबर होता तिला तू बँकेचं कारण दिलंस आणि मला खरं सांगितलंस. मग कोणी विचारलं की मी काय बोलायचं? खोटं बोलायचं?”

तिची बाजू मागायची ठरवली की हे ऐकायची तयारी लागते. भिशीचे पैसे बारा जणींचे होते. सहा दिवसांसाठी का होईना, ते न विचारता वापरले, आणि कारणही वेगळं सांगितलं. सुनंदाच्या अंगावर असं गुपित पडलं की कुणी सरळ प्रश्न विचारला तर तिला खोटं बोलावं लागणार. मेधाला हे टोचलं, पण त्या क्षणी तिने ‘विषय बदलू नकोस’ म्हटलं नाही, हे महत्त्वाचं. ती म्हणाली, “हे तुझं बरोबर आहे. ते मी बघते. त्याआधी माझंही ऐकशील?”

समोरचीने आपली चूक काढली तर ती खरा मुद्दा मांडते आहे की पळवाट शोधते आहे, हे कसं ओळखायचं? माझी खूण साधी आहे. तिचा मुद्दा याच प्रसंगाशी जोडलेला असेल तर ऐकायचा. ती तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातलं मानपान काढायला लागली, तर “ते आपण वेगळं बोलू, आज एवढंच पुरं करू” म्हणून परत यायचं.

आता तुमचं दुःख

तिची बाजू पूर्ण झाल्यावर आपलं सांगायचं, आणि तिने कबूल केलं आहे तेवढ्यावरच सांगायचं. मेधा म्हणाली, “दवाखान्याचं मी फक्त तुला सांगितलं होतं. ते दुसऱ्याकडून ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता मी कुणाला काही सांगूच शकत नाही. यांना बाहेर कळलेलं नको होतं, आता त्यांना कोणीतरी विचारेल याची मला भीती वाटते.” इथे सुनंदा कशी आहे यावर एक शब्दही नाही. काय घडलं आणि त्याने काय झालं, इतकंच आहे. ‘तुझ्या पोटात काही राहतच नाही’ हे वाक्य कितीही खरं वाटलं तरी गिळून टाका. ते बोललात की बोलणं प्रसंगावरून तिच्या स्वभावावर जातं, आणि स्वभावाची माफी कुणी मागत नाही.

दुरुस्ती ठरवताना

नुसती ‘सॉरी’ घेऊन परत येऊ नका. कोण, कोणाला, काय शब्दांत, कधीपर्यंत सांगणार, हे दोघींनी मिळून ठरवा. सुनंदाने नव्या बाईला आठवड्याभरात भेटून इतकंच सांगायचं ठरलं: “त्या दिवशी मी मेधाच्या घरचं बोलायला नको होतं. पैसे सहा दिवसांनी पूर्ण मिळाले, बाकीचं मी काही म्हणाले नव्हते.” त्याहून जास्त नाही. गटावर खुलासा टाकायचा नाही, कारण ज्या दहा जणींना काही ठाऊक नाही त्यांना त्यातून कळेल. मेधाने काकूंना स्वतः काही सांगायचं नाही.

मेधाच्या बाजूनेही एक काम ठरलं. ज्या बाईला पैसे उशिरा मिळाले होते तिला भेटून खरं कारण सांगायचं, म्हणजे पुढे कुणी काही बोललं तरी तिला ते आधीच माहीत असेल. मला वाटतं अफवेची धार सगळ्यात जास्त याच गोष्टीने जाते, की जिला दुखावण्यासारखं होतं तिला ते आपल्याकडूनच कळलेलं असतं.

बोलणं बिघडतं तेव्हा

सगळ्या सुनंदा असं बोलत नाहीत. ती सपशेल नाही म्हणेल आणि तुम्हाला खोटं वाटत असेल, तर तिथेच खरं-खोटं करायला बसू नका. “बरं, तू म्हणालीस की तू बोलली नाहीस, मी ते ऐकलं. यापुढे माझ्या घरचं कुणी विचारलं तर ‘तिलाच विचार’ म्हणशील का?” एवढी एक गोष्ट मागून घ्या. ती बोलली असो वा नसो, तिला याला हो म्हणता येतं, आणि तुम्हाला हवं असलेलं थांबणं मिळतं.

ती रडायला लागली तर थांबा, पाणी द्या, पण लगेच ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणू नका. तसं म्हटलंत की विषय तुमच्या हातून सुटतो आणि तुम्ही घरी जाऊन पुन्हा कुढत बसता. तिचा आवाज चढला किंवा तुमचाच चढायला लागला, तर “आज इथेच थांबू, रविवारी पुन्हा बोलू” म्हणून दिवस ठरवून निघा. दिवस न ठरवता निघालात तर ते भांडून निघणं होतं.

हातात पुरावा असेल, म्हणजे तिचा आवाज असलेली ध्वनिफीत किंवा तिने लिहिलेला संदेश, तर तो लपवून ‘तू बोललीस का?’ असं विचारू नका. उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न हा सापळा असतो, आणि तो उघडा पडला की तुम्ही मागे जे जे नीट विचारलंत त्यावरचाही तिचा विश्वास उडतो. संदेश दाखवा आणि म्हणा, “हे माझ्यापर्यंत आलं. त्याच्या आधी-नंतर काय होतं, ते मला माहीत नाही.” तेव्हाही तिची बाजू असू शकते.

हे सगळं एकदा, फार तर दोनदा करायचं. तीच व्यक्ती तसंच वागत असेल आणि दरवेळी नवीन कारण देत असेल, तर तिची बाजू पुन्हा मागत बसण्यात अर्थ नाही. तिच्याशी मैत्री ठेवायची असेल तर ठेवा, पण तिच्यापाशी काय बोलायचं ते कमी करा. आणि गोष्ट नोकरीवर, धंद्यावर किंवा चारित्र्यावर येऊन खरं नुकसान करत असेल, तर एकट्याने फिरत फिरत बोलण्यावर अवलंबून राहू नका. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला आणि गरज पडली तर वकिलाला आधी विचारा.

भेटीनंतरच्या महिनाभरात दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. ठरलेलं काम तिने केलं का, हे तिलाच एकदा विचारा, दुसऱ्या कुणाला नाही. आणि ती तुमच्याशी पुन्हा आपणहून काही बोलते का, ते पाहा. बोलणं झाल्यावर पहिले काही दिवस दोघीही जपून वागतात, त्याचा अर्थ लावू नका. पुढच्या भिशीच्या दिवशी मात्र तिच्या शेजारी जाऊन बसा आणि दुसरं काहीतरी बोला. दुरून पाहणाऱ्या बाकीच्या दहा जणींना त्यातून जे कळायचं ते कळतं.